पाच वेळा ‘का’

रुपीनगर, तळवडे
१२ जानेवारी २०२५

चि. अबोली,

तुझा पत्ता विजयश्रीनं दिला. द्यायला तयार नव्हती, हे आधीच सांगतो, म्हणजे मावशीवर रागावू नकोस. ‘भाऊजी, ती तुमचा फोन उचलत नाही, तर पत्र का वाचेल?’ असं म्हणाली. मी म्हटलं, फोन कट करता येतो, पत्र निदान टेबलावर पडून तरी राहतं.

बडोद्यात घर कसं आहे? भाड्याचं की कंपनीचं? नोकरी कायम झाली का? पाणी चोवीस तास येतं का? डबा स्वतः करतेस की मेस लावली आहेस? कळवावे.

माझं ठीक चाललं आहे. निवृत्त होऊन नऊ महिने झाले. चाकणला एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता घरात शोधायला कोणी उरलं नाही. तुझी आई जाऊन दीड वर्ष होईल. ती रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून तुझ्याशी बोलायची, तेव्हा मी आत टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो. तिला ते ठाऊक होतं. जेवताना मग ती आपणहून दोन-चार वाक्यं टाकायची, अबोलीला सर्दी झाली आहे, अबोलीनं गाडी घेतली. तेवढ्यावर माझं भागायचं. आता ते बंद झालं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून महापालिकेच्या बागेत जातो. तिथे काल एक गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, धोतर, डोक्याला टोपी, बाकावर एकटेच. मी शेजारी बसून आपुलकीनं चौकशी केली. गाव कुठलं? लातूरकडचं. इथे कोणाकडे? मुलाकडे. कुठल्या कंपनीत? चाकणला. परमनंट की कॉन्ट्रॅक्ट? घर स्वतःचं का? हप्ता किती बसतो? सातव्या का आठव्या प्रश्नाला गृहस्थ उठले आणि चालू पडले! आज मला पाहून त्यांनी बाकच बदलला. माणुसकी म्हणून काही राहिलेलीच नाही.

जुन्या गोष्टी मी मनात ठेवलेल्या नाहीत. तूही ठेवू नयेस.

तुझा,
बाबा


२६ जानेवारी २०२५

चि. अबोली,

पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी खाली गेलो की टपालाच्या पेटीत डोकावून बघतो.

मागच्या पत्राची मी घरी प्रत ठेवली आहे. कंपनीची सवय. गेल्या आठवड्यात ती वाचली आणि कपाळावर हात मारला. तुला चार वर्षांनी पत्र लिहिलं आणि सुरुवातीलाच पाच प्रश्न. त्या गृहस्थांना आठ. मी चौकशी म्हणतो, पण समोरच्याला ती झडतीच वाटत असणार. आमच्या या भागात सगळे असंच विचारतात, कुठली कंपनी, परमनंट का, स्वतःचं का. विचारणाऱ्याला वाटतं आपण ओळख करून घेतोय. ज्याचं उत्तर कमी पडतं त्याला काय वाटतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून मी एक प्रयोग केला. तू हसशील, हस. ठरवलं, त्या माणसाशी बोलायचं, पण प्रश्न एकही विचारायचा नाही.

पहिले दोन दिवस नुसता नमस्कार घातला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. काही बोललो नाही, सरकलोही नाही. तिसऱ्या दिवशी बागेतल्या अंबुबाई आमच्या समोर पाला झाडत होत्या. मी समोरच्या झाडाकडे बघत म्हटलं, ‘‘हा कडुनिंब वाळला बिचारा.’’ त्या गृहस्थांना म्हटलं नाही, आपलं हवेत म्हटलं. मग गप्प बसलो. अबोली, गप्प बसणं किती कठीण असतं गं! मशीनवर एक जॉब, म्हणजे एक सुटा भाग, व्हायला पंचेचाळीस सेकंद लागतात, तेवढे मी सहज मोजतो. असे चार-पाच जॉब झाले असतील. जिभेच्या टोकावर ‘तुम्ही शेतकरी का?’ येऊन बसलं होतं. ते गिळलं.

शेवटी ते म्हणाले, ‘‘वाळला न्हाई वो. पानं झडायलेत त्याची. महिनाभरानं बघा, पालवी फुटतीय का न्हाई.’’

माझं चुकलं होतं, आणि ते चुकणंच कामी आलं. माणसाला माहीत असलेली गोष्ट कोणी चुकीची बोललं की त्याला राहवत नाही. मी जर ‘हे कुठलं झाड?’ विचारलं असतं तर ‘कडुनिंब’ एवढंच उत्तर मिळालं असतं. मी म्हणालो, ‘‘एकतीस वर्षं लोखंडात गेली, झाडातलं मला काही कळत नाही. बायको होती तोवर कुंड्या तरी जिवंत होत्या.’’

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाले, ‘‘आमची बी गेली. दोन सालं झाली.’’

मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. पण ही शांतता पहिल्या दिवसासारखी नव्हती, तिच्यात बसवत होतं. त्यांचं नाव मालोजी. मी विचारलं नाही, त्यांनीच उठताना सांगितलं.

घरी येताना मी चक्क गुणगुणत होतो. लिफ्टमधल्या मुलीनं वळून पाहिलं.

बाबा


९ फेब्रुवारी २०२५

चि. अबोली,

आता मालोजीराव आणि मी रोज पाच ते साडेसहा एका बाकावर असतो. मला या माणसाचे किती आभार मानावेत कळत नाही. दिवसभर मी त्या दीड तासाची वाट बघतो.

बोलण्यातलं एक गुपित मला सापडलं आहे. ते म्हणाले, ‘‘म्हैस पुतण्याला देऊन आलो.’’ जुना मुकुंद असता तर लगेच, दूध किती देते, जात कुठली, पुतण्या काय करतो. मी फक्त त्यांचाच शेवटचा शब्द उचलला. ‘‘देऊन आलात,’’ म्हणालो. संपलं. त्यावर ते वीस मिनिटं बोलले. म्हशीचं नाव, ती पुतण्याच्या बायकोला कशी हात लावू देईना, निघायच्या दिवशी दावणीला गेले तर तिनं मान कशी फिरवली. मी विचारून विचारून काय विचारलं असतं? मला जे विचारायचं सुचलं असतं, त्यातलं एकही त्या वीस मिनिटांत नव्हतं.

आणि मधे मधे आपलंही थोडं सांगावं लागतं. नुसतं ऐकत राहिलं तर समोरच्याला वाटतं, हा आपलं काढून घेतोय. त्यांनी म्हशीचं सांगितलं, मी माझ्या चहाचं सांगितलं. तुझ्या आईसारखा चहा करायला गेलो की कधी पाणी होतं, कधी काढा. ते खळखळून हसले. दुसऱ्या दिवशी सुनेकडून थर्मासमधून चहा घेऊन आले.

इथपर्यंत छान चाललं होतं. मग मी माती खाल्ली. तुझ्यापासून लपवणार होतो, पण लिहितो.

मालोजीरावांचा मुलगा प्रीतम चाकणला शिफ्टमध्ये आहे. एक आठवडा पहाटे जातो, एक आठवडा रात्री बाराला येतो. एका घरात राहून बापलेकाची गाठ पडत नाही. मंगळवारी ते म्हणाले, ‘‘गावाकडं जाऊन यावं वाटतंय. पर पोराला सांगता येईना.’’

मला वाटलं, आता या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं, तर आपणही त्याच्या उपयोगी पडावं. मी खिशातून पेन आणि मेडिकलच्या बिलाचा कागद काढला. ‘‘का सांगता येत नाही?’’ तो वाईट वाटून घेईल. ‘‘का वाईट वाटेल?’’ त्याला वाटेल, आपण आबाला नीट ठेवत नाही. ‘‘तसं त्याला का वाटेल?’’ असे पाच ‘का’. कंपनीत एखादा जॉब खराब निघाला की आम्ही असेच पाच ‘का’ विचारत मुळापर्यंत जायचो. एकेकाखाली उत्तर लिहिलं, शेवटी उपाय लिहिला, आणि कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, प्रीतमशी मीच बोलतो, नंबर द्या.

मालोजीरावांनी कागदाची घडी घातली, टोपी सारखी केली. ‘‘लय हुशार हायेत तुम्ही साहेब,’’ म्हणाले आणि गेले. गेले पंधरा दिवस ते मला मुकुंदराव म्हणत होते.

चार दिवस झाले, ते बागेत आलेले नाहीत. बाक मोकळा आहे. ‘का’चा कागद म्हटल्यावर तुला काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. त्याबद्दल आज लिहिण्याचं धाडस होत नाही.

बाबा


१६ फेब्रुवारी २०२५

अबोली,

आज लिहितोच.

मालोजीराव बुधवारी आले. बाकाच्या त्यांच्या टोकाला बसले. मी म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी चुकलो.’’

‘‘चुकलं न्हाई. घाई झाली,’’ ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘आमच्याकडं कुणाचं माणूस गेलं की भेटाया जात्यात. म्या लय घरी गेलोय. तिथं आपण आधी बोलायचं न्हाई. जायाचं, बसायचं. घरचं माणूस बोललं तर हूं म्हणायचं. ते जेवढं बोललं तेवढ्याच्या म्होरं जायाचं न्हाई. आन ते काईच बोललं न्हाई तर बसून यायाचं. त्याला बी भेटणंच म्हणत्यात.’’

मी म्हणालो, ‘‘पण कोणी गेलेलं नव्हतं ना तुमच्या घरी.’’

‘‘काईतरी गेल्याबिगर कोण सांगाया येतंय वो?’’

त्यानंतर मी त्यांना तुझं सांगितलं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं. त्या जुलैमधल्या रविवारी तू बॅग घेऊन आलीस. सासर सोडलं, स्वानंदचं घर सोडून आलेय म्हणालीस. तुझी आई पोहे करायला आत गेली, आणि मी तुला डायनिंग टेबलाशी बसवून कोरा कागद ओढला, त्यावर पाच चौकोन आखले. का सोडलंस? का पटत नाही? का त्याचं असं वागणं? का तू गप्प राहिलीस? का आधी सांगितलं नाहीस? तू एकेकाला उत्तर देत होतीस. तुझा आवाज बारीक होत गेला, आणि मला वाटत होतं, आपण मुळाजवळ पोचतोय. शेवटच्या चौकोनात मी लिहिलं, ‘अबोलीचा हट्टी स्वभाव’. आणि कागद तुझ्यासमोर फिरवला.

पोहे गार झाले. तू बॅग उचलून विजयश्रीकडे गेलीस. तुझ्या आईच्या दिवसांनाही तू तिथेच उतरलीस आणि तेराव्याला माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलीस.

तुला एक गोष्ट कबूल करतो, ती मी मालोजीरावांनाही सांगितली. कंपनीत नव्या पोरांना हे पाच ‘का’ मीच शिकवायचो. त्यातला पहिला नियम असा, की शेवटचं उत्तर माणसावर येऊन थांबता कामा नये. ‘कामगाराची चूक’ असं लिहून आणलेला कागद मी तोंडावर परत फेकायचो. म्हणायचो, माणसाला दोष देऊन जॉब सुधारत नाही, पुन्हा जा, नीट बघून या. एकतीस वर्षं हे शिकवलं, आणि माझ्या पोरीच्या बाबतीत तसाच कागद मी खरा मानला. नियम मला माहीत होता, अबोली. माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

मला वाटलं, मालोजीराव आता मला काही बोलतील. किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. अंगठ्यानं थर्मासचं झाकण पुसत विचारलं, ‘‘मग लेकीनं काय सांगितलं?’’

मी तुझी पाचही उत्तरं सांगितली. पाठ आहेत मला.

‘‘हे तुम्ही इचारलेलं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘ती सांगायला काय आली होती?’’

मला माहीत नाही. चार वर्षं मी तुझ्यावर रागावलो, मग स्वतःवर रागावलो, आईकडून तुझ्या बातम्या घेतल्या, आणि तू त्या दिवशी काय सांगायला आली होतीस हे मला माहीतच नाही. पहिला ‘का’ विचारला तेव्हा तुझं वाक्य अर्धं राहिलं होतं. ‘‘बाबा, मला ना...’’ एवढंच. ते वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही. बागेत सगळ्यांदेखत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मालोजीराव अंधार पडेपर्यंत शेजारी बसून राहिले.

माझं चुकलं, पोरी. माफ कर असं लिहिलं तर तेही तुला एक काम दिल्यासारखं होईल, म्हणून लिहीत नाही. ते वाक्य तुला कधी पुरं करावंसं वाटलं, तर मला ऐकायचं आहे. नाही वाटलं, तरी मी पत्रं पाठवत राहीन. त्यांना उत्तर लागत नाही.

बाबा


३ मार्च २०२५

माझी अबोली,

काल तुझा फोन येऊन गेला, आणि आज मी पत्र लिहायला बसलोय. फोनवर मी फार बोलू नये असं ठरवलं होतं. आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

आधी मालोजीरावांची बातमी. ते गावी गेले. माझ्या कागदाचा काडीचा उपयोग झाला नाही. झालं ते असं. प्रीतमची पहिली शिफ्ट होती, तो दुपारी घरी येऊन जेवत होता. हे शेजारी जाऊन बसले. काही मागितलं नाही, विचारलं नाही. बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘गावाकडं आंब्याला मोहर आला असंल.’’ प्रीतमनं दोन घास खाल्ले. मग तोच म्हणाला, ‘‘आबा, जाऊन येता का? जत्रंपर्यंत ऱ्हावा. मी न्यायला येतो.’’ मालोजीरावांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. शनिवारी एसटीत बसवायला मीही गेलो होतो. प्रीतम मला म्हणाला, ‘‘काका, आबा तुमचं लय नाव काढतात.’’ मी काही केलं नाही म्हणालो, आणि ते अगदी खरं आहे.

आता कालचं.

रविवार, सकाळचे अकरा. मी कूकर लावला होता. फोनवर बडोद्याचा नंबर दिसला तेव्हा आधी गॅस बंद केला, कारण शिट्टी मधेच होईल अशी भीती वाटली. तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि माझ्या तोंडात तीस प्रश्न एकदम जमा झाले. तब्येत, नोकरी, घर, एकटी आहेस का, जेवलीस का. मी डावा हात तोंडावर दाबून धरला. खोटं नाही सांगत.

‘‘पत्रं मिळाली,’’ तू म्हणालीस.

‘‘मिळाली,’’ मी म्हणालो.

मग तू किती वेळ गप्प होतीस ते मी मोजलं नाही. मला तुझा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी बादलीत नळ सोडलेला. चार वर्षांनी मला तुझ्या घरातला आवाज ऐकू येत होता. तेवढ्यावर फोन ठेवला असतास तरी मी जन्मभर तुझे उपकार मानले असते.

तू म्हणालीस, ‘‘त्या दिवशी मला एवढंच सांगायचं होतं, की मला थोडे दिवस इथे झोपायचंय. माझ्या खोलीत. बाकी काहीच ठरवलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून मी उत्तरं तयार केली, बाबा. त्यातली निम्मी मला तिथे बसल्या बसल्या सुचली.’’

थोडे दिवस इथे झोपायचंय. एवढंच वाक्य होतं. खोली रिकामी होती, गादी होती, आईनं त्याच आठवड्यात तिथली चादर बदलली होती. मला काहीही करायचं नव्हतं, फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं.

मला खूप काही सांगायचं होतं तुला. खोली अजून तशीच आहे, चावी कुठे ठेवतो, कोणत्या गाड्या सोयीच्या आहेत, सगळं जिभेवर आलं. पण तू त्यातलं काही विचारलं नव्हतंस. तू मागचं सांगितलं होतंस. मी तेवढ्यालाच धरून राहिलो.

‘‘झोपायचं होतं तुला,’’ मी म्हणालो.

आणि तू रडायला लागलीस. मी पूर्वी रडणाऱ्या माणसाला लगेच पाणी आणून द्यायचो, म्हणजे ते थांबतं. काल मी काहीच आणू शकत नव्हतो. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून, भिंतीला टेकून खाली बसलो. गुडघे दुखतात, पण बसलो. तू आईचं बोललीस, त्या तेराव्या दिवसाचं बोललीस, स्वानंदचंही थोडं बोललीस. ते तुझं आहे, मी इथे लिहीत नाही. मी हं, हं म्हणत राहिलो. एके ठिकाणी तेही विसरलो, कारण मीही रडत होतो आणि तुला कळू द्यायचं नव्हतं.

तेव्हा तू एकदम थांबलीस. घाबरल्यासारखी म्हणालीस, ‘‘बाबा? आहात ना?’’

‘‘आहे,’’ मी म्हणालो. आणखीही काही म्हणणार होतो, पण तू पुढे बोलायला लागली होतीस.

बाबा